चव्वेचाळीस मुलांचा स्तंभालेख: ताळ्याच्या खुणांपासून आलेख कागदापर्यंत

सातारा शहरातून बोगद्याने बाहेर पडून सज्जनगडाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात मी सहावीच्या वर्गाला गणित शिकवते. वर्गाच्या पटावर ४६ मुले आहेत. त्यांतील काही गावातलीच आहेत आणि बाकीची आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून येतात. स्तंभालेखाचा पाठ सुरू करताना पुस्तकातील तयार माहिती न घेता वर्गातूनच माहिती गोळा करावी असे मी ठरवले, आणि जुलैतील एका सोमवारी पहिल्या तासाला मुलांना एकच प्रश्न विचारला: आज शाळेत कसे आलात? त्या प्रश्नाच्या उत्तरांचा तक्ता होऊन त्याचा नीटनेटका स्तंभालेख होईपर्यंत काय काय घडले, कोणत्या चुका झाल्या आणि त्या कशावरून ओळखता आल्या, याची ही नोंद आहे.

उत्तरांसाठी मुलांनीच पाच साधने सांगितली: चालत, एस. टी., सायकल, वडाप आणि दुचाकी. दुचाकी म्हणजे घरच्या मोठ्या माणसाने मोटारसायकलवरून आणून सोडणे. वडाप हा शब्द आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. वाटेत भेटतील ती माणसे भरत जाणाऱ्या जीपला किंवा रिक्षाला इकडे वडाप म्हणतात. ‘खाजगी प्रवासी वाहन’ असे लिहावे का, असा विचार मनात आला होता, पण ज्या शब्दाने मुलांनी उत्तर दिले तोच शब्द तक्त्यात आणि आलेखात राहावा हे मला अधिक योग्य वाटले.

एक मुलगा हजेरीच्या क्रमाने नावे पुकारत होता आणि एक मुलगी फळ्यावर त्या त्या साधनासमोर ताळ्याची एकेक खूण करत होती. पद्धत सर्वांना माहीत होती: चार उभ्या रेघा काढायच्या, पाचवी रेघ त्या चारींना छेदणारी तिरकी काढायची, म्हणजे पाचाचा एक गट पूर्ण होतो आणि सहाव्या उत्तराला नवीन गट सुरू होतो. पुकारणे संपल्यावर वर्गाने गट मोजले. चालत २०, एस. टी. १०, सायकल ९, वडाप ४ आणि दुचाकी ३ अशा संख्या आल्या. बेरीज ४६ झाली, आणि पटही ४६ असल्यामुळे “बरोबर आलं, बाई!” असा एकच गलका झाला.

मीही क्षणभर समाधानाने पुढे जाणार होते. परंतु आमच्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोज पट आणि हजर विद्यार्थी लिहिलेले असतात, आणि त्या दिवशी तिथे ‘पट ४६, हजर ४४’ असे होते. दोन मुले आलीच नव्हती. आज शाळेत कसे आलात, या प्रश्नाचे उत्तर न आलेले मूल देऊच शकत नाही, तेव्हा खुणांची बेरीज ४४ यायला हवी होती. बेरीज पटाशी जुळली म्हणून ती बरोबर ठरत नव्हती, कारण ती ज्या संख्येशी जुळायला हवी ती संख्या पटाची नसून हजर मुलांची होती.

मग दोन खुणा जास्त कुठे पडल्या याचा शोध सुरू झाला आणि ताळ्याच्या खुणांची एक मोठी मर्यादा मुलांच्या लक्षात आली. खूण पडली की उत्तर कोणाचे होते हे पुसले जाते. वीस रेघांपैकी कोणती रेघ कोणाची, हे फळ्याकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून मी मुलांनाच विचारले की कोणी दोन उत्तरे दिली होती का. तीन हात वर झाले. त्यांतील एकाने सांगितले, “बाई, मी वस्तीवरनं फाट्यापर्यंत चालत येतो, मग एस. टी.त बसतो. म्हणून दोन्ही सांगितलं.” उत्तर खोटे नव्हते, माझा प्रश्नच अपुरा होता. एका मुलाच्या प्रवासात दोन साधने असू शकतात हे मी आधी गृहीत धरायला हवे होते. आम्ही नियम ठरवला की ज्या साधनाने सर्वांत जास्त अंतर कापले तेच एक उत्तर धरायचे, आणि तो नियम तक्त्याखाली लिहून ठेवला. तिघांच्याही ‘चालत’ समोरच्या खुणा पुसल्या आणि २० चे १७ झाले.

आता बेरीज ४३ झाली. अधिकच्या तीन खुणा काढल्यावर एक खूण कमी पडत होती, याचा अर्थ आणखी एक चूक आधीपासून दडलेली होती आणि पहिल्या चुकीने तिला झाकून ठेवले होते. या वेळी आम्ही गट न मोजता प्रत्येक गटातील रेघा मोजल्या. एस. टी.च्या ओळीतील पहिल्या गटात उभ्या रेघा चार नव्हत्या, पाच होत्या, आणि त्यांवरून सहावी रेघ तिरकी गेली होती. पाहताना तो गट इतर गटांसारखाच दिसत होता, म्हणून सर्वांनी त्याला पाच धरले होते. एस. टी.ने आलेली मुले १० नसून ११ होती. तीन जास्त आणि एक कमी, असा हिशोब होऊन ४४ चे ४६ झाले होते, आणि ते ४६ योगायोगाने पटाशी जुळले होते.

सहा रेघांचा गट ही चूक मी दरवर्षी पाहते. ‘पाच झाल्या की आडवी रेघ’ असे मुलांनी मनाशी धरलेले असते, त्यामुळे पाच उभ्या रेघा होईपर्यंत ती थांबतात. ‘पाचवी रेघ हीच तिरकी रेघ’ असे शब्दांत सांगून ती चूक फारशी कमी होत नाही. खूण करताना तोंडाने एक, दोन, तीन, चार म्हणत पाच म्हणतानाच हात तिरका नेला, तर मात्र ती पुष्कळ कमी होते.

एवढे झाल्यावर दुरुस्त्या केलेल्या त्या फळ्यावर विसंबून पुढे जाणे मला बरे वाटले नाही. आम्ही सर्व पुन्हा केले, पण या वेळी आधी कच्ची यादी केली: हजेरी क्रमांक आणि त्यासमोर एकच उत्तर, अशा ४४ ओळी. त्या यादीवरून खुणा केल्या आणि खूण केलेल्या ओळीवर यादीत बारीक टिंब दिले. यादी हाताशी असली की शंका आलेल्या खुणेमागचे मूल शोधता येते. दुसऱ्या खेपेला बेरीज पहिल्याच मोजणीत ४४ आली आणि तक्ता पक्का झाला.

| शाळेत येण्याचे साधन | विद्यार्थी संख्या |
|---|---|
| चालत | १७ |
| एस. टी. | ११ |
| सायकल | ९ |
| वडाप | ४ |
| दुचाकी | ३ |
| एकूण | ४४ |

मधल्या सुट्टीनंतर चार-चार मुलांचे अकरा गट करून प्रत्येक गटाला आलेख कागद दिला. हा कागद नेहमीचाच होता: दर सेंटिमीटरला ठळक रेघ, दर मिलिमीटरला बारीक रेघ, आणि आखलेला भाग १८ सेंटिमीटर रुंद व २४ सेंटिमीटर उंच. पहिली पंधरा मिनिटे मी काहीही सुचवले नाही, कारण तक्ता हातात असताना मुले स्वतःहून काय करतात हे मला पाहायचे होते.

त्या पंधरा मिनिटांत झालेल्या चुकांपैकी सर्वांत महत्त्वाची चूक तीन गटांनी सारखीच केली. त्यांनी उभ्या अक्षावर खालून वर ३, ४, ९, ११, १७ असे आकडे दोन-दोन सेंटिमीटरच्या अंतराने लिहिले. तक्त्यात ज्या संख्या होत्या त्याच अक्षावर हव्यात, मधल्या संख्यांचे काम काय, असा त्यांचा सरळ विचार होता. त्यांचे स्तंभ अतिशय नेटके होते: दुचाकी २ सेंटिमीटर, वडाप ४, सायकल ६, एस. टी. ८ आणि चालत १० सेंटिमीटर. दुरून पाहिले तर घाटाच्या पायऱ्या बांधाव्यात तसे ते दिसत होते, आणि चुकीची खूण नेमकी हीच होती. वर्गात विचारून आलेल्या उत्तरांच्या संख्या अशा समान टप्प्यांनी क्वचितच वाढतात. म्हणून पाचही स्तंभांत अगदी सारखा चढ दिसला, तर स्तंभांकडे पाहण्याआधी अक्षावरचे आकडे वाचावेत.

त्या गटांना मी चूक सांगितली नाही, एक प्रश्न विचारला: तुमच्या कागदावर एक मूल किती उंचीचे आहे? त्यांनी मोजून पाहिले. दुचाकीवरून वडापकडे जाताना ३ चे ४ होतात, म्हणजे एक मूल वाढते आणि स्तंभ २ सेंटिमीटरने वाढतो. एस. टी.कडून चालत येणाऱ्यांकडे जाताना ११ चे १७ होतात, म्हणजे सहा मुले वाढतात, पण स्तंभ २ सेंटिमीटरनेच वाढतो. “मग इथलं एक मूल मोठं आणि तिथली सहा मुलं मिळून तेवढीच?” असे एका मुलीने विचारले आणि गटाने स्वतःच अक्ष खोडला. त्याच कागदावर चालत येणाऱ्यांचा स्तंभ वडापच्या अडीच पट उंच होता, पण तक्त्यात १७ ही संख्या ४ च्या चौपटीहून जास्त आहे. आलेख पाहणारा माणूस आकडे नंतर वाचतो, उंची आधी पाहतो. समान अंतराला समान संख्या हा नियम पाळला नाही, तर उंची एक सांगते आणि आकडा दुसरेच सांगतो.

दुसऱ्या एका गटाने टप्पे समान घेतले होते, २, ४, ६, ८ असे, पण अक्ष जिथे मिळतात त्या बिंदूपाशीच २ लिहिले होते. पट्टीवर शून्य असते हे रोज पाहूनही अक्षावर पहिला आकडा ‘पहिल्या’ जागी लिहिण्याचा मोह मुलांना होतो. परिणाम असा झाला की दुचाकीचा स्तंभ जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरला आणि चालत येणाऱ्यांचा साडेसात सेंटिमीटर झाला. खरे पाहता १७ ही संख्या ३ च्या सहा पटीहूनही कमी आहे. कागदावर मात्र तो स्तंभ पंधरा पट दिसत होता. आकडे चुकीचे नव्हते, टप्पे चुकीचे नव्हते, तरीही चित्र खोटे झाले होते, कारण स्तंभाची उंची संख्या दाखवते ती फक्त शून्यापासून मोजली तरच. स्तंभालेखात उभ्या अक्षाचा पाया शून्यच असावा, याबाबत मी मुलांना सवलत देत नाही.

यानंतर प्रमाणाची निवड सर्वांनी मिळून केली. प्रमाण म्हणजे कागदावरच्या १ सेंटिमीटरने किती विद्यार्थी दाखवायचे हे ठरवणे, आणि ते ठरवताना सर्वांत मोठी संख्या, कागदाची उंची आणि बारीक रेघा या तिन्हींकडे पाहावे लागते. १ सेंटिमीटरला १ विद्यार्थी घेतला तर सर्वांत उंच स्तंभ १७ सेंटिमीटरचा होतो. तो कागदावर मावतो आणि चूकही नाही, पण अक्षावर खूप आकडे लिहावे लागतात आणि खालची नावे व वरचे शीर्षक यांची दाटी होते. १ सेंटिमीटरला १० घेतले तर तोच स्तंभ १७ मिलिमीटरचा, दुचाकीचा ३ मिलिमीटरचा, आणि वडाप व दुचाकी यांतला फरक पेन्सिलीच्या एका रेघेइतका राहतो. एका मुलाने १ सेंटिमीटरला ३ सुचवले. ऐकायला ते मधले वाटते, पण १७ ला ३ ने भागले की साडेपाचच्या थोडे पुढे कुठेतरी टोक येते, जिथे कोणतीही बारीक रेघ नाही, आणि ४ व ११ यांचेही तसेच होते.

१ सेंटिमीटरला २ विद्यार्थी हे प्रमाण घेतल्यावर सर्व सुरळीत झाले. एक मूल म्हणजे बरोबर ५ मिलिमीटर, म्हणून सम संख्या ठळक रेघेवर आणि विषम संख्या दोन ठळक रेघांच्या बरोबर मध्ये येते. चालत ८.५ सेंटिमीटर, एस. टी. ५.५, सायकल ४.५, वडाप २ आणि दुचाकी १.५, अशा उंची मुलांनी स्तंभ काढण्यापूर्वी तक्त्याशेजारी लिहून घेतल्या. ही पायरी वेळखाऊ वाटली तरी मी ती वगळत नाही, कारण उंची आधी लिहिलेली असली की स्तंभ काढताना मूल एकाच वेळी भागाकार आणि रेघ अशा दोन कामांत अडकत नाही.

आडव्या अक्षावरची मांडणी एका गटाच्या फजितीतून ठरली. त्यांनी स्तंभ २ सेंटिमीटर रुंद आणि दोन स्तंभांतले अंतरही २ सेंटिमीटर घेतले, डावीकडून आनंदाने काढत गेले, आणि पाचवा स्तंभ कागदाबाहेर गेला. पाच स्तंभांचे १० आणि पाच अंतरांचे १० मिळून २० सेंटिमीटर होतात, आणि कागद १८ चा आहे. हा हिशोब त्यांनी चार स्तंभ रंगवून झाल्यावर केला. मग सर्व गटांनी रुंदी २ आणि अंतर १ सेंटिमीटर धरले. त्यासाठी १५ सेंटिमीटर लागतात. उभा अक्ष डाव्या कडेपासून २ सेंटिमीटर आत घेतला, म्हणजे आकडे आणि अक्षाचे नाव लिहायला जागा राहिली आणि उजवीकडेही १ सेंटिमीटर मोकळा उरला. आडवा अक्ष तळापासून ३ सेंटिमीटर वर घेतला, कारण त्याखाली साधनांची नावे आणि अक्षाचे नाव अशा दोन ओळी येणार होत्या.

स्तंभ एकमेकांना चिकटवले तर काय बिघडते, असे एका मुलाने विचारले, आणि प्रश्न योग्य होता. चालत आणि एस. टी. ही वेगवेगळी उत्तरे आहेत. त्यांच्यामध्ये काही नाही आणि एक संपून दुसरे सुरू होत नाही, म्हणून स्तंभ सुटे ठेवतात. उंची किंवा वजन यांसारखी सलग वाढणारी मापे गटांत विभागली असतील तेव्हाच चिकटलेले आयत काढतात. त्याला आयतालेख म्हणतात आणि तो मुलांना पुढे वरच्या इयत्तांमध्ये भेटेल. याच कारणामुळे आमच्या आलेखात आडव्या अक्षाला प्रमाण नाही. ‘X-अक्षावर १ सेमी = १ साधन’ असे दोन गटांनी लिहिले होते, ते खोडायला सांगितले. प्रमाण फक्त उभ्या अक्षाचे असते आणि ते कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचे: उभ्या अक्षावर १ सेमी = २ विद्यार्थी.

प्रत्यक्ष रेखाटनाबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. टोक केलेली पेन्सिल हवी. बोथट पेन्सिलीची रेघ अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीची होते. स्तंभाच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना त्या उंचीवर एकेक टिंब द्यावे आणि मग पट्टीने जोडावे. एकाच बाजूला टिंब दिले तर माथा हमखास तिरका जातो. आकडे ठळक रेघेच्या अगदी समोर लिहावेत, दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेत नव्हे. सर्व स्तंभांना एकच रंग द्यावा, कारण ते सर्व एकच गोष्ट, म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, दाखवतात. पाच रंग दिले की पाहणारा रंगांचा अर्थ शोधत बसतो. पण मुलांना रंगांची हौस असते, आणि ती मोडताना मलाही वाईट वाटते.

नावांच्या बाबतीत ‘घरच्यांच्या दुचाकीवरून’ हे उत्तर २ सेंटिमीटर रुंद स्तंभाखाली मावेना. एका गटाने ते तिरके लिहिले आणि ते शेजारच्या वडापखाली घुसले. आम्ही स्तंभाखाली फक्त ‘दुचाकी’ लिहिले. आडव्या अक्षाला ‘शाळेत येण्याचे साधन’ आणि उभ्या अक्षाला ‘विद्यार्थी संख्या’ अशी नावे दिली. उभ्या अक्षाला नुसते ‘संख्या’ लिहिणारे गट बरेच होते. संख्या कशाची, एस. टी. गाड्यांची की मुलांची, हे त्यातून कळत नाही.

शीर्षकावर मात्र वर्ग बराच वेळ रेंगाळला, आणि तसे रेंगाळणे मला योग्य वाटते. पहिल्यांदा आलेले शीर्षक होते ‘वाहने’. चालत येणे हे वाहन नाही, आणि सर्वांत उंच स्तंभ त्याचाच होता. मग ‘मुले शाळेत कशी येतात’ असे सुचले. कोणती मुले? सर्व शाळेची की आपल्या वर्गाची? ‘सहावीचे विद्यार्थी शाळेत कसे येतात’ हे त्याहून बरे होते, पण त्यात एक खोट होती जी एका सायकलवाल्या मुलाने दाखवली. तो म्हणाला की आज पाऊस होता म्हणून त्याच्या वस्तीवरच्या दोघांनी सायकली काढल्याच नाहीत, ते एस. टी.ने आले, उन्हाळ्यात हा स्तंभ असा दिसणार नाही. आपण रोजचे विचारले नव्हते, आजचे विचारले होते. शेवटी शीर्षक ठरले: ‘सहावीचे ४४ हजर विद्यार्थी शाळेत कसे आले’, आणि त्याखाली वार व तारीख. शीर्षक लांब झाले खरे, पण त्यातला प्रत्येक शब्द काढला तर आलेखाचा अर्थ बदलतो.

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशी न आलेली दोन्ही मुले वर्गात आली. त्यांनी तक्ता पाहिला नव्हता, म्हणून आलेख तपासायला त्यांच्याहून चांगले वाचक नव्हते. फळा पुसून मी त्या दोघांना अकरा कागद एकेक करून दिले आणि प्रत्येकावरून तक्ता परत लिहायला सांगितले. आठ कागदांवरून १७, ११, ९, ४, ३ असे बिनचूक आले. एका कागदावर वडाप आणि दुचाकी यांची नावे एकमेकांच्या जागी गेली होती. तिथे बेरीज ४४ च येते, म्हणून ती चूक बेरजेने सापडली नसती, ती मूळ तक्त्याशी ओळीनुसार ताडून पाहिली तेव्हाच दिसली. एका कागदावर अक्षाचे आकडे रेघांच्या मधल्या जागेत होते आणि दोघांनी दोन वेगवेगळी उत्तरे वाचली.

अकरावा कागद सर्वांत सुबक होता. त्यावरून वाचताना दोघेही सायकलपाशी अडखळले आणि एकजण म्हणाला, “बाई, नऊ आणि वर थोडं येतंय.” पाहिले तर माथा साडेनऊच्या जरा खाली होता. बाकीचे स्तंभही तसेच थोडे थोडे वर गेले होते. एका मुलाचा तुकडा होत नाही, तेव्हा संख्या चुकली नसून रेखाटनात काहीतरी सरकले आहे हे उघड होते. पट्टी लावल्यावर कळले की त्या गटाने आडवा अक्ष ठळक रेघेवर न काढता तिच्या दोन मिलिमीटर वरच्या बारीक रेघेवर काढला होता. आकडे ठळक रेघांसमोर होते, स्तंभ मात्र अक्षापासून पट्टीने मोजून काढले होते. त्यामुळे शून्य आणि २ यांच्यामध्ये ८ मिलिमीटरच उरले, आणि प्रत्येक स्तंभ २ मिलिमीटर, म्हणजे मुलांच्या हिशोबात शून्य दशांश चार इतका, जास्त वाचला जात होता. सगळेच स्तंभ सारख्याच मापाने चुकलेले असले की दोष स्तंभांत न शोधता पायाच्या रेघेत शोधावा. गटाने नवा कागद घेऊन आलेख पुन्हा काढला.

वाचन संपल्यावर त्या दोघांनी आणखी एक गोष्ट विचारली. दोघेही त्या दिवशी सायकलवर आले होते आणि आपली नावे आलेखात नाहीत याचे त्यांना वाईट वाटत होते. दोन मुले म्हणजे फक्त १ सेंटिमीटर. सायकलचा स्तंभ साडेचारचा साडेपाच करावा, म्हणजे तो एस. टी.च्या बरोबरीला येईल, असे त्यांचे म्हणणे होते आणि गणित त्यांनी अचूक केले होते. मी त्यांना शीर्षक मोठ्याने वाचायला लावले. ‘४४ हजर विद्यार्थी’ आणि त्याखाली सोमवारची तारीख वाचून झाल्यावर दोघे थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांतील एकाने नवा आलेख कागद मागितला, त्यावर सर्वांत आधी मंगळवारची तारीख लिहिली, आणि फळ्याच्या कोपऱ्यात हजर किती आहेत ते पाहायला उठला.